गुरुवारी कोलोनोस्कोपी आहे, मग बुधवारी इन्सुलिन किती घ्यायचं?

प्रश्न : माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) 66 वर्षांचे आहेत. डायबेटिस 15 वर्षांपासून. इन्सुलिन 30/70 चं, सकाळी 24 युनिट आणि रात्री 16. सकाळी डापाग्लिफ्लोझिन-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि रात्री जेवणाआधी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिघांची मिळून एक गोळी. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी दहाला कोलोनोस्कोपी ठरली आहे. हॉस्पिटलच्या कागदावर 'बुधवारी सकाळपासून फक्त पातळ, संध्याकाळी औषधाचं पाणी, गुरुवारी उपाशीपोटी येणे' एवढंच लिहिलंय. डायबेटिसच्या औषधांचा त्यात उल्लेखच नाही. शेजारचे काका म्हणतात, दोन दिवस सगळं बंद ठेवा. अण्णा म्हणतात, इन्सुलिन कधीच चुकवायचं नसतं. कुणाचं ऐकू? (वाई, जि. सातारा)

उत्तर : ताई, काका आणि अण्णा दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच दोघांचंही जसंच्या तसं ऐकणं धोक्याचं आहे. अण्णांच्या तीन औषधांना तीन वेगळे नियम लागतात. एक गोळी गुरुवारच्या तीन दिवस आधीच थांबवायची, दुसरी फक्त उपासाच्या काळात, आणि इन्सुलिन थांबवायचं नाही, अर्धं करायचं. खाली मी अण्णांच्याच डोसांवर सगळं मांडून दाखवते. मी अण्णांना तपासलेलं नाही, त्यामुळे हा कागद घेऊन सोमवारच्या आत त्यांच्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडे जा आणि आकड्यांवर त्यांची सही घ्या. किडनीचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, सोबत न्या. तो बिघडलेला असेल तर ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन दोन्ही शरीरात जास्त वेळ रेंगाळतात, आणि मग डॉक्टर हे आकडे आणखी खाली आणतील.

आधी डापाग्लिफ्लोझिन, कारण त्याची तारीख सगळ्यात आधी येते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणाऱ्या या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. माणूस व्यवस्थित जेवतखात असेल तर काही बिघडत नाही. पण पोट रिकामं, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वर इन्सुलिनही घटवलेलं, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन साठून रक्त आंबट होतं. अडचण अशी की ही गोळी साखर बाहेर टाकतच राहते, म्हणून ग्लुकोमीटरवर 170-180 असा अगदी निरुपद्रवी आकडा दिसतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी ही त्याची लक्षणं, आणि जुलाबाचं औषध पिणाऱ्या कुणालाही थोडीफार मळमळ होतेच. घरच्यांना वाटतं औषधाचाच त्रास आहे. फरक श्वासात कळतो. श्वास खोल आणि भराभर चालायला लागला, उलट्या थांबेनात, माणूस गळून गेला, तर साखर कितीही असो, पुढचं औषध न पाजता तडक हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की हे डापाग्लिफ्लोझिनवर आहेत, कीटोन तपासा.

म्हणून ही गोळी तपासणीच्या आधी पूर्ण तीन दिवस बंद हवी. अण्णांनी शेवटची गोळी रविवारी सकाळी घ्यायची. सोमवार, मंगळवार, बुधवार नाही आणि गुरुवारीही नाही. यात एक मेख आहे. त्यांची गोळी जोडगोळी आहे, ती बंद केली की त्यातलं मेटफॉर्मिनही बंद होतं. सोमवार-मंगळवारसाठी डॉक्टरांकडून नुसत्या मेटफॉर्मिनची गोळी लिहून घ्या. ती बुधवारी पातळ पदार्थ सुरू झाले की थांबवायची, कारण जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होत असताना मेटफॉर्मिन पोटात नसलेलं बरं. या दोन दिवसांत साखर नेहमीपेक्षा थोडी चढी दिसेल. ती चढू द्या, त्यासाठी इन्सुलिन वाढवायला जाऊ नका.

आता रात्रीची गोळी. आपल्याकडे तीन औषधं एका गोळीत भरण्याची इतकी सवय झाली आहे की पेशंटला आपण काय काय घेतो हेच माहीत नसतं. तुम्ही पाकीट पाहून तिन्ही नावं लिहिलीत, त्यामुळे मला नेमकं सांगता येतंय. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवला असा किंवा नसा, आणि त्याचा असर जवळजवळ दिवसभर टिकतो. मंगळवारी रात्री अण्णा जेवणार आहेत, तेव्हा ती गोळी घेऊ द्या. (क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मंगळवारचीही टाळायची का, हे डॉक्टरांना विचारा.) बुधवारी रात्री ती नाही. ती मोडून अर्धी घ्यायचीही नाही. अशा बऱ्याच गोळ्यांतलं मेटफॉर्मिन हळूहळू सुटणारं असतं आणि गोळी मोडली की ते एकदम सुटतं.

इन्सुलिनकडे वळते. 30/70 म्हणजे एकाच सिरिंजमध्ये दोन इन्सुलिन असतात. 30 टक्के लवकर काम करणारं, जे समोरच्या जेवणासाठी असतं, आणि 70 टक्के सावकाश काम करणारं, ज्याचा जोर चार ते बारा तासांच्या मध्ये कधीतरी येतो. सकाळचे 24 युनिट नाश्ता आणि दुपारचं जेवण असं दोन्ही गृहीत धरून दिलेले आहेत. रात्रीच्या 16 युनिटांचा जोर मध्यरात्रीनंतर ते पहाट या वेळात पडतो. बुधवारी अण्णांच्या पोटात ना नाश्ता, ना जेवण. पूर्ण डोस टोचला तर साखर दुपारी चार वाजता आणि पुन्हा पहाटे तीन वाजता कोसळणार. आणि अजिबात टोचलं नाही, तर 15 वर्षांच्या डायबेटिसमध्ये स्वतःचं इन्सुलिन फारसं उरलेलं नसतं, त्यामुळे गुरुवारी सकाळी साखर 350 आणि तपासणी पुढे ढकललेली, असं होऊ शकतं.

म्हणून बुधवारी सकाळी 24 च्या जागी 12 युनिट आणि रात्री 16 च्या जागी 8. सकाळचे 12 युनिट टोचायच्या आधी साखर घातलेला काळा चहा किंवा सरबत हातात तयार असू द्या. रात्रीच्या डोसाआधी साखर तपासा. ती 100 च्या खाली असेल तर टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. उलट ती 260 दिसली म्हणून 8 चे 16 करू नका. त्या एका रात्रीपुरती चढी साखर चालते, उतरलेली चालत नाही. 300 च्या वर दोनदा आली तर मात्र फोन करायचा.

आता खाण्यापिण्याचं. सोमवारपासून चोथा कमी करा. पालेभाज्या, कोशिंबीर, सालीसकट डाळी, भाकरी, पेरू, तीळ, जवस बंद. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक, अंड्याचा पांढरा भाग, दुधीसारखी सोलून शिजवलेली भाजी चालेल. डायबेटिस जुना असला की आतडं मंदावतं आणि अशा पेशंटचं पोट नीट साफ न होण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून इतरांना सांगतात त्यापेक्षा एक दिवस जास्त सांगतेय. अण्णांना बद्धकोष्ठता असेल तर ते हॉस्पिटलला आधीच कळवा. लोहाची गोळी चालू असेल तर ती आठवडाभर आधीच थांबवण्याबद्दल विचारा. तिच्यामुळे शौचाला काळं, चिकट होतं आणि दुर्बिणीच्या काचेवर ते धुतलं जात नाही.

बुधवारचं 'फक्त पातळ' म्हणजे ज्यातून आरपार दिसतं ते. इथे मी सगळ्यात जास्त चुका पाहिल्या आहेत. डायबेटिसचा माणूस आणि त्याची बायको वर्षानुवर्षं 'साखर नको' हे पाठ करून बसलेली असतात, त्यामुळे त्या दिवशीही चहा बिनसाखरेचा, सरबत मिठाचं आणि बाकी नुसतं पाणी. म्हणजे इन्सुलिन आत आणि त्याच्यासाठी खाणं शून्य. बुधवारी साखर हे अण्णांचं जेवण आहे. जागे असताना दर तासाला साधारण 15 ग्रॅम साखर पोटात जायला हवी. गाळलेल्या लिंबू सरबताच्या एका पेल्यात तीन चमचे साखर घातली की तेवढी होते, किंवा गाळलेला सफरचंदाचा रस साधारण दीडशे मिली. शहाळ्याच्या पाण्यात साखर त्यामानाने कमी असते, आणि किडनीचा त्रास असेल तर त्यातलं पोटॅशियम बाधतं, म्हणून ते विचारूनच. मिठासाठी वरणाचं किंवा भाज्यांचं निथळलेलं गरम पाणी मधूनमधून द्या. दूध, सोलकढी, ताक आता नाही. कोकम सरबतही नाही. बिटाचा, जांभळाचा, कोकमाचा लाल-जांभळा रंग आतड्याला लागला की तो रक्तासारखा दिसतो.

आणि पोट साफ करणारं औषध हे खाणं नव्हे, हेही लक्षात असू द्या. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात कालवली की ते पाणी आतड्यात शोषलं न जाता सरळ खाली उतरतं. दोन लिटर पिऊनही अंगाला काहीच लागत नाही, साखर तर नाहीच. चव सुधारावी म्हणून त्यात साखर किंवा ग्लुकोज ढवळू नका, त्याने पाणी आणि मीठ शोषलं जाऊन औषधाचा असर बिघडतो. सरबत वेगळ्या पेल्यात द्या. गार करून, मोठ्या घोटांनी, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला असं प्यायलं की ते जास्त सहन होतं. एक लिटर बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ आणि उरलेलं एक लिटर गुरुवारी पहाटे चार ते साडेपाच, असं दोन भागांत घेतल्याने पोट जास्त स्वच्छ होतं. कागदावर 'संध्याकाळी' एवढंच असेल तर फोन करून विचारा की अर्धं पहाटे चालेल का, आणि पाणी पिणं किती वाजता थांबवायचं. बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, काही ठिकाणी भूल देणारे डॉक्टर जास्त वेळ सांगतात. ब्लडप्रेशरची किंवा इतर कुठली गोळी औषध पिण्याच्या आगेमागे तासभरात घेतली तर ती न विरघळताच बाहेर पडते, म्हणून तेवढं अंतर राखा. शेवटी गोमूत्रासारखं पिवळसर, गाळ नसलेलं पाणी व्हायला लागलं की पोट साफ झालं. चहासारखं गढूळ असेल तर तिथे पोचल्यावर लपवू नका, सांगा.

बुधवारी सकाळपासून दर दोन-तीन तासांनी साखर तपासा आणि आकडा वेळेसकट वहीत लिहा. रात्री झोपताना एकदा, आणि पहाटे तीन-साडेतीनला एकदा. तसंही चारला उठायचंच आहे, अर्धा तास आधीचा गजर लावा. ही पहाटेची तपासणी कुणी करत नाही आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त कामाची असते. 100 ते 200 च्या आसपास साखर असली की छान. 100 च्या खाली गेली तर लक्षणं नसली तरी एक पेला गोड सरबत. 70 च्या खाली गेली तर वेळ न घालवता ग्लुकोज.

ग्लुकोजबद्दल मुद्दाम लिहिते, कारण अण्णांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. व्होग्लिबोज आतड्यात साखरेचं ग्लुकोज होण्याचं कामच मंद करतं. ते पोटात असताना साखर उतरली आणि तुम्ही घाईने साखरेचं पाणी दिलंत, तर ते वेळेवर चढत नाही. केमिस्टकडे मिळणारी ग्लुकोज पावडर थेट शोषली जाते. तीन चमचे भरून, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, अर्ध्या पेला पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. आणि ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर एकदा वर आली म्हणून सुटलो असं नसतं, ती काही तासांनी परत उतरू शकते. बोलण्यात अडखळत असतील, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, 108 ला फोन करा.

मी नवीन असताना एका हॉस्पिटलच्या एंडोस्कोपी विभागाबाहेर पाहिलेलं विसरत नाही. सकाळी साडेसातच्या सुमाराला बाकावर एक गृहस्थ बसले होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातातल्या फाइलचे कागद थरथरत होते. शेजारी बायको, तिच्या पिशवीत ग्लुकोजचा डबा आणि चमचासुद्धा. मी विचारलं, "दिलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "उपाशीपोटी या म्हणून सांगितलंय ना, तोंडात घातलं तर तपासणी करणार नाहीत." साखर निघाली 46. त्या बाईंची काही चूक नव्हती. त्यांना उपास कसा करायचा एवढंच सांगितलं होतं, तो कधी मोडायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगते. साखर 70 च्या खाली गेली की उपास मोडला. घरी असा, गाडीत असा, नाहीतर हॉस्पिटलच्या बाकावर, ग्लुकोजचं पाणी द्यायचं आणि लगेच तिथल्या नर्सला सांगायचं की इतक्या वाजता इतकं दिलंय. फार तर भूल द्यायला थांबतील किंवा शिरेतून ग्लुकोज लावतील. त्यामुळे वेळ गेला तर जाऊ दे.

गुरुवारी सकाळी इन्सुलिन घरी टोचायचं नाही आणि कुठलीच डायबेटिसची गोळी नाही. रात्रीच्या 8 युनिटांचा थोडा आधार अजून असतो. इन्सुलिन, ग्लुकोमीटर, ग्लुकोजचा डबा आणि आकड्यांची वही पिशवीत घ्या. हॉस्पिटल गावाबाहेर असेल तर रस्त्यात थांबावं लागू शकतं, ती वेळ धरून निघा. काउंटरवर पहिलं वाक्य हेच: "पेशंट इन्सुलिनवर आहेत, यांना पहिल्या नंबरांत घ्या." दहाची वेळ सरकून दुपारी दोनवर जायला लागली तर गप्प बसून राहू नका, साखर तपासून पुन्हा सांगा.

तपासणी झाल्यावर अण्णा गुंगीत असतील. गुंगी आणि उतरलेली साखर बाहेरून अगदी सारखी दिसतात, म्हणून निघण्याआधी तिथेच एकदा बोटाची तपासणी करून घ्या. घरी आल्यावर मऊ भात-वरण पुढ्यात आलं, अण्णांना खावंसं वाटतंय हे दिसलं, की मग 12 युनिट टोचा. आधी टोचून मग जेवणाची वाट पाहायची नाही. रात्री नेहमीसारखे जेवले तर 16 युनिट आणि रात्रीची गोळी, अर्धवट जेवले तर दोन्हीबद्दल डॉक्टरांना विचारून. डापाग्लिफ्लोझिनची जोडगोळी मात्र घाईने सुरू करू नका. दिवसभर जेवणखाण आणि पाणी नेहमीसारखं झालं, उलटी-जुलाब नाहीत, असं झाल्यावर शनिवारी सकाळी. तपासणीत आतड्यातला कोंब, म्हणजे पॉलिप, काढला असेल आणि खाण्यावर काही बंधनं घातली असतील तर तोवर थांबायचं.

हेच पत्र वाचून इतर कुणी स्वतःचे डोस ठरवायला बसतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. दिवसातून एकदाच ग्लार्जिनसारखं लांब चालणारं इन्सुलिन असेल तर ते अर्धं करत नाहीत, साधारण पाचवा हिस्सा कमी करतात, म्हणजे 20 युनिटांचे 16. जेवणाआधीचं लवकर काम करणारं इन्सुलिन जेवण नसेल तेव्हा टाळतात. टाइप 1 असेल तर लांब चालणारं इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही, उपास असो वा नसो, आणि त्यांचं वेळापत्रक त्यांच्या डॉक्टरांनीच बनवायचं. आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

अण्णांच्या उजव्या हातात फोन आणि डाव्या हातात पेला असणार, तेव्हा वही मात्र तुमच्याकडे ठेवा. बुधवारी रात्रीचे 8 युनिट तुम्ही स्वतः सिरिंजवर पाहून भरा. इतकी वर्षं 16 च्या रेघेपर्यंत ओढायची सवय झालेला हात पहाटेच्या जुलाबाच्या काळजीत तिथेच जाऊन थांबतो.